बाबांचं पोट टम्म फुगलंय, डॉक्टर म्हणतात "आतडी झोपलीत"

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री ११:२०

बाबांचं (वय ६८) मंगळवारी ऑपरेशन झालं. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ होती. तेवढा भाग काढला आणि दोन टोकं जोडली. पोट उघडून केलं, दुर्बिणीतून नाही, साडेतीन तास लागले. बुधवारी छान होते, घोट घोट पाणी प्यायले. काल सकाळी पेज दिली, दुपारी वरणाचं पाणी. संध्याकाळी उचक्या लागल्या. कोणीतरी आठवण काढतंय म्हणून आम्ही हसलोसुद्धा.

आज सकाळी पोट बघवेना. कातडी ताणून चकाकत होती. दोनदा हिरवट उलटी झाली. राउंडला डॉक्टरांनी पोटावर बोटं वाजवली तर पोकळ, डग्ग्यासारखा आवाज. मग स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ नुसते उभे. "काही ऐकू येत नाही. आतडी अजून झोपलीत." नाकातून नळी घातली आणि डोळ्यांदेखत पिशवीत ११०० मिली हिरवं पाणी जमलं. आता तोंडाने काही नाही. पोटॅशियम २.९ आलंय, ते सलाईनमधून देतायत. एक्स-रे काढला, सगळीकडे हवा दिसते म्हणाले.

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. भूल तर मंगळवारी संध्याकाळीच उतरली, बाबा माझ्याशी बोलले. मग आतडी शुक्रवारीही झोपलेली कशी? पोटात गेलं जेमतेम दोन वाट्या, मग ११०० मिली आलं कुठून? आणि पेज दिल्यामुळे झालं का हे? पेज मी भरवली होती. आई काही बोलत नाही, पण बघते तशी.

निवांत_नाना | शुक्रवार, रात्री ११:५२

ताई, घाबरू नका. वयानुसार पोट साफ होत नाही, मलाही हा त्रास वीस वर्षं आहे. रात्री कोमट पाण्यातून इसबगोल दोन चमचे, आणि बेंबीभोवती हिंगाचा लेप. सकाळी मोकळं. ऑपरेशनच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतंच.

रात्रपाळी | शनिवार, रात्री १२:१५

नाना, कृपा करून इसबगोल नको. त्यांच्या नाकात नळी आहे, तोंडाने पाण्याचा थेंबही बंद आहे. बद्धकोष्ठात आतडं हलतं पण मळ घट्ट असतो. इथे आतडंच हलत नाहीये. वर इसबगोल टाकलं तर ते तिथेच फुगून बसेल. हिंगाचा लेप लावा, त्यानं बिघडणार नाही. फक्त टाक्यांपासून लांब.

कृष्णाकाठ, मी सर्जिकल वॉर्डात १४ वर्षं सिस्टर आहे. आज रात्रीपुरतं एवढंच करा. बाबांना सपाट झोपवू नका, डोक्याकडची बाजू उचलून ठेवा. नळी असली तरी उलटी होऊ शकते आणि ती श्वासनळीत गेली तर फार वाईट. उचक्या परत लागल्या तर लगेच सिस्टरला सांगा, नळी तुंबलेली असू शकते. जठर फुगून छाती आणि पोटामधल्या पडद्याला टेकलं की उचकी लागते. आम्ही वॉर्डात उचकी ऐकली की आधी पोटाकडे बघतो.

आजोळ | शनिवार, सकाळी ७:०५

ऑपरेशन करताना पोटात गॅस भरतात, तो आत राहतो म्हणून फुगतं. माझ्या मेहुण्याचं पित्ताशय काढलं तेव्हा हेच झालं होतं, खांदासुद्धा दुखत होता. उपाय एकच, चालवणे. चालवलं की आतडी सुरू होतात. माझ्या मेहुण्याने कॉरिडॉरमध्ये दहा फेऱ्या मारल्या आणि दुसऱ्या दिवशी घरी.

सुईदोरा | शनिवार, सकाळी ९:४०

ओपीडी सुरू व्हायच्या आधी लिहितोय, जमेल तेवढं लिहितो. मी जनरल सर्जन आहे, मराठवाड्यात. तुमच्या वडिलांना मी पाहिलेलं नाही, तेव्हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

आजोळ, तुमच्या मेहुण्यांचं दुर्बिणीतून झालं असणार. तेव्हा पोटाच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड भरतात. तो आतड्याच्या बाहेर असतो, रक्तात लवकर विरघळून श्वासावाटे निघून जातो, आणि खांदा दुखतो तो पडद्याच्या चिडचिडीमुळे. इथे पोट उघडून ऑपरेशन झालंय, गॅस भरलाच नव्हता. इथली हवा आतड्याच्या आत आहे आणि ती बहुतेक गिळलेली आहे. मळमळतं तेव्हा माणूस सारखा आवंढा गिळतो, प्रत्येक आवंढ्यासोबत थोडी हवा जाते. हवेत नायट्रोजन जास्त, आणि तो आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही. पुढे सरकला तरच बाहेर पडणार. सरकवणारंच थांबलंय.

आता "झोपलीत" या शब्दाबद्दल. आम्ही सगळे तो वापरतो, नातेवाइकांना पटकन कळतो म्हणून. पण त्यामुळे तुमच्यासारखाच गैरसमज होतो की भूल आतड्यात उरली आहे. तसं नाही. भुलीचा वाटा थोडा आणि थोड्या वेळाचा. आतड्याला गप्प बसवलंय ते शरीरानेच, आणि ते दोन टप्प्यांत होतं.

पहिला टप्पा नसांचा. पोटाला चीर पडली, आतड्याला हात लागला की वेदनेची खबर मणक्यातल्या मज्जारज्जूकडे जाते आणि तिथून उलट हुकूम येतो, "थांबा." इंग्लंडमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये कुत्र्यांवर हे दाखवलं. पोट उघडलं की आतडी निपचित पडायची, आणि आतड्याकडे जाणाऱ्या त्या ठरावीक नसा कापल्या की पुन्हा हलू लागायची. म्हणजे आतड्यात हलायची ताकद होती, वरून ब्रेक लागला होता. हा ब्रेक मुख्यतः ऑपरेशन चालू असताना आणि नंतर काही तास असतो.

तुमच्या शुक्रवारचं उत्तर दुसऱ्या टप्प्यात आहे. आतड्याच्या स्नायूच्या थरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी एरवी पहारेकऱ्यासारख्या बसून असतात. आतडं हातात धरलं, ओढलं, ओल्या मॉपमध्ये गुंडाळून बाजूला ठेवलं की त्या चवताळतात. ऑपरेशननंतर तीन-चार तासांनी त्यांची रसायनं सुटू लागतात, रक्तातून पांढऱ्या पेशी तिथे येतात आणि स्नायूच्या थराला सूज येते. बाहेरून बघितलं तर आतडं ठीक दिसतं, पण तो स्नायू आकसू शकत नाही. बोट दारात चेपल्यावर जसं तासाभराने जास्त ठणकतं, तसाच प्रकार. सर्जनने कितीही हळुवार हात लावला तरी थोडं होतंच. कॅनन आणि मर्फी यांनी १९०६ मध्ये मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन एक्स-रेखाली पाहिलं होतं. त्यात अन्न अडलं ते मुख्यतः आतडी हाताळल्यामुळे, नुसत्या भुलीमुळे नाही.

आणि जिथे हात लावला तेवढाच भाग थांबतो असंही नाही. मोठ्या आतड्याचा उजवा भाग हाताळला तरी नसांच्या मार्गे जठर आणि बाकीचं आतडंही मंदावतं. म्हणून तुमच्या बाबांचं जठर भरलं.

पेशंट आलेत. ११०० मिलीचं आणि पेजेचं दुपारी लिहितो.

पेशवेपार्क | शनिवार, सकाळी १०:३०

माझं सिझेरियन झालं तेव्हा सिस्टरने सहा तासांनी हातात च्युइंगम ठेवला. मला वाटलं तोंडाला वास येतोय म्हणून देतायत. नंतर कळलं की चघळलं की आतड्याला वाटतं जेवण आलं, आणि ती सुरू होतात. मला दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सरला. सासूबाई आख्ख्या वॉर्डात सांगत फिरल्या. 🙈 बाबांना देऊन बघा ना.

कृष्णाकाठ | शनिवार, दुपारी १:१०

सगळ्यांचे आभार. सुईदोरा, मी ते आईला वाचून दाखवलं.

आजचं असं आहे. रात्रभरात नळीतून अजून ९०० मिली आलं. पोटॅशियम ३.२. ताप नाही, नाडी ९२. पोट कालच्यापेक्षा मऊ वाटतं पण वारा सरलेला नाही. कळा येत नाहीत, नुसता जडपणा आहे म्हणतात. वेदनेसाठी ट्रामाडॉल इंजेक्शन दिवसातून तीनदा आणि छातीवर फेंटानिलचा पॅच आहे. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, अ‍ॅम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र.

सुईदोरा | शनिवार, दुपारी ३:२५

कळा नाहीत, ताप नाही, नाडी शंभराच्या आत, हे सगळं लिहिलंत ते बरं झालं.

११०० मिली कुठून आलं? तोंडाने काहीही घेतलं नाही तरी शरीर रोज स्वतःचंच साताठ लिटर पाणी पचनमार्गात सोडतं. लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचा स्वतःचा स्राव. एरवी हे आपल्याला कळत नाही, कारण पुढे सरकता सरकता जवळजवळ सगळं परत शोषलं जातं. पुढे सरकणं थांबलं की शोषणंही मंदावतं, आणि विहिरीत पाझर चालू पण मोटर बंद अशी गत होते. हिरवा रंग पित्ताचा, म्हणजे पाणी जठराच्याही पुढून मागे येतंय. तुम्ही भरवलेली पेज त्या अकराशेत किती असेल? फार तर वाटीभर. पेजेमुळे आतडी थांबली नाहीत. आतडी थांबली होती म्हणून पेज खाली गेली नाही.

पोटॅशियमकडे मी जास्त बघतो. स्नायूला आकसायला पोटॅशियम लागतं, आतड्याच्या स्नायूलाही. तुमच्या बाबांचं ते कमी व्हायला तीन वाटा होत्या. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पोटॅशियम घालवतं, ते वर्षानुवर्षं चालू आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आतडं साफ करायचं औषध दिलं असेल, त्या जुलाबांतून गेलं. नंतर दोन दिवस जेवण नाही आणि सलाईनमध्ये ते बहुधा पुरेसं नव्हतं. उलट्यांनी भर घातली. आम्ही अशा पेशंटला ४ च्या आसपास ठेवायचा प्रयत्न करतो. ते भरून येत नसेल तर मॅग्नेशियम तपासलं का हे विचारा. मॅग्नेशियम कमी असेल तर दिलेलं पोटॅशियम मूत्रपिंड तसंच बाहेर टाकत राहतं. आणि हे सलाईन सावकाशच जातं, सिस्टरला "लवकर सोडा" म्हणून घाई करू नका. भराभर गेलं तर हृदय थांबू शकतं.

दुसरी गोष्ट वेदनेच्या औषधांची. ट्रामाडॉल आणि फेंटानिल अफूच्या कुळातली. या औषधांना चिकटण्याच्या जागा मेंदूत असतात तशाच आतड्याच्या भिंतीतही भरपूर असतात. तिथे ती चिकटली की आतडं जागच्या जागी आवळतं पण पुढे ढकलत नाही, आणि स्रावही कमी होतो. अफू खाणाऱ्याला संडास होत नाही हे पूर्वी गावोगाव माहीत होतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांना विचारा की पॅच काढून पॅरासिटामॉलच्या सलाईनवर किंवा पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करण्यावर भागेल का. एकदम सगळं बंद करा असं म्हणू नका. दुखत राहिलं तर तो पहिल्या टप्प्यातला ब्रेक परत आवळतो.

हडर्सफील्डकर | शनिवार, संध्याकाळी ६:४०

डॉक्टरसाहेबांशी सहमत, पण एक विचारू का? इथे माझ्या बायकोचं असंच ऑपरेशन झालं, मात्र दुर्बिणीतून. संध्याकाळीच टोस्ट दिला! ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत गोड पेय, नाकात नळी नाही, सलाईन मोजून, पाठीतून बधिर करणारी नळी. डेन्मार्कच्या केलेट नावाच्या सर्जनने १९९० च्या दशकात ही पद्धत बसवली असं तिथल्या नर्सनं सांगितलं. मग तुमच्याकडे अजून तोंड बंद ठेवून आवाज यायची वाट बघत बसणं का?

सुईदोरा | शनिवार, रात्री ९:१०

वाट बघत बसलेले नाहीत, त्यांनीही दुसऱ्या दिवशी पेज दिलीच होती. ते बरोबरच केलं. बहुतेकांना चालतं. ज्यांना चालत नाही त्यांचं थांबवायचं, आणि उलटी होऊन पोट फुगलं तर नळी घालायची. सगळ्यांना सरसकट नळी घालणं मीही सोडलंय. पण नळी सरसकट नको याचा अर्थ ज्याला हवी त्यालाही नको असा होत नाही.

सलाईनचा मुद्दा मात्र अगदी खरा. आम्ही शिकत होतो तेव्हा पेशंटला दिवसाला तीन-चार लिटर सलाईन सहज जायचं. जास्तीचं पाणी आणि मीठ आतड्याच्या भिंतीतही मुरतं, ती भिंत सुजते, आणि आधीच सुजलेला स्नायू अजून मंदावतो. पाठीतल्या नळीचंही तसंच. तिथून नुसतं बधिर करणारं औषध गेलं तर "थांबा" म्हणणाऱ्या त्या नसाच बंद होतात, अफूच्या औषधाची गरजही कमी होते. बेलिस-स्टार्लिंगनी जे कात्रीने केलं ते औषधाने. आमच्याकडे ती नळी दिवसरात्र सांभाळायला माणूस नसतो, म्हणून दरवेळी घालत नाही. हे काही भूषणावह नाही.

पेशवेपार्क, च्युइंगमचं तुम्ही म्हणता ते सिझेरियनमध्ये चांगलं लागू पडतं. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनमध्ये फरक थोडा, आणि पेशंटला लवकर खायला मिळत असेल तर आणखी थोडा. बाबांना मळमळ असताना मी देणार नाही. चघळताना हवा गिळली जाते, तिचंच तर ओझं आहे.

आजोळ, चालण्याबद्दल तुम्हाला पटणार नाही. १९९० मध्ये अमेरिकेत पेशंटच्या आतड्यांवर बारीक तारा बसवून त्यांची विद्युत हालचाल मोजली होती. ऑपरेशननंतर पहिल्या दिवसापासून चालणारे आणि न चालणारे यांच्यात फरक दिसला नाही. चालवायचंच, पण ते पायात रक्ताची गुठळी होऊ नये आणि छाती भरू नये म्हणून.

आजोळ | शनिवार, रात्री ९:३५

अहो, पण माझा मेहुणा चालला आणि लगेच सुटला हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय. तारा लावून काय कळणार?

रात्रपाळी | रविवार, पहाटे ४:५०

नाइटवर आहे. आजोळ, मीही वॉर्डात हेच बघते, उभं केलं की ढेकर येतो, कधी वारा सरतो. डॉक्टर म्हणतात ते आतड्याच्या हालचालीबद्दल असेल, पण उभं राहिल्यावर हवा जागा बदलते आणि पेशंटला हलकं वाटतं, हे मी रोज बघते. दोन्ही खरं असू शकतं.

आवाजाबद्दल थोडं. मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की चार कोपऱ्यांत कान लावा आणि "आवाज नाही" लिहायच्या आधी पाच मिनिटं ऐका. पाच मिनिटं! वीस बेडच्या वॉर्डात कोण ऐकतं? सगळे अर्ध्या मिनिटात पुढे जातात. आणि आवाज म्हणजे तरी काय, हवा आणि पाणी एकत्र ढवळल्याची गुडगुड. लहान आतडं पहिल्या दिवसातच थोडं हलू लागतं, जठराला एक-दोन दिवस, मोठ्या आतड्याला तीन तरी. म्हणजे गुडगुड येते आणि पेशंट तरी ओकतो. उलटंही बघितलंय, आवाज नाही असं रात्री लिहिलं आणि सकाळी माणूस संडासला जाऊन आलेला. त्यामुळे मी कान लावते, पण विचारते ते एवढंच: वारा सरला का, आणि भूक आहे का.

एक आवाज मात्र मी कधी सोडत नाही. कळ येते तेव्हाच उंच पट्टीत टिंग-टिंग, बाटलीत थेंब पडल्यासारखा. तो ऐकला की मी रात्री तीन वाजताही सरांना उठवते.

सुईदोरा | रविवार, सकाळी ११:००

सिस्टर, आवाजाबद्दल मी तुमच्याइतका कडक नाही. पूर्ण शांत पोट, त्यात ताप आणि दाबल्यावर लाकडासारखं कडक लागलं तर ती शांतता मला घाबरवते. नुसत्या शांततेवर मात्र मीही काही ठरवत नाही.

टिंग-टिंग आवाजाचं खरं आहे. तिथे आतडं झोपलेलं नसतं, अडथळ्याशी झगडत असतं. पोटात नुकत्याच तयार झालेल्या चिकटीने पीळ पडलेला असतो किंवा जोड सुजलेला असतो. अशा पेशंटचं वैशिष्ट्य असं की एकदा वारा सरलेला असतो, खाणं सुरू झालेलं असतं, आणि मग पुन्हा सगळं बंद होतं. एक्स-रेत लहान आतडं फुगलेलं आणि पुढे मोठ्या आतड्यात हवा नाही. कृष्णाकाठच्या बाबांच्या एक्स-रेत सगळीकडे हवा आहे, ते त्यातल्या त्यात बरं.

दुसरी भीती मी मुद्दाम उशिरा सांगतोय. जोड गळत असेल तर आतला मळ पोटात पसरतो आणि त्या जळजळीने आतडी पुन्हा गप्प होतात. तेव्हा आतडी थांबणं हा रोग नसतो, ती रोगाची खूण असते. गळती साधारण तिसऱ्या दिवसानंतर आठवडाभरात उघडकीला येते. नाडी वाढत जाणं हे बऱ्याचदा तापाच्याही आधी दिसतं. सीआरपी नावाची रक्ततपासणी केली असेल तर आकडा सांगा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो १५० च्या खाली असेल तर गळती नसण्याची शक्यता चांगली असते.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ८:४५

सीआरपी काल १६८ होता, आज १३१. नाडी ८८. मॅग्नेशियम खरंच कमी निघालं, ते दिलं. पोटॅशियम ३.७. पॅच काल रात्री काढला. पॅरासिटामॉलवर आहेत, खोकताना दुखतं पण चालतं म्हणतात. नळीतून दिवसभरात ६००. वारा नाही. डॉक्टर म्हणाले उद्या सीटी करू, तोंडाने औषध पाजून.

बाबांनी आज विचारलं, "मला नेमकं काय झालंय? तुम्ही सगळे माझ्या पादण्याची वाट बघताय, हे मला कळतंय." पाचव्या दिवशी आम्ही पहिल्यांदा हसलो.

निवांत_नाना | रविवार, रात्री ९:२०

एनिमा का देत नाहीत? खालून मोकळं केलं की वरचं आपोआप येईल. आणि इतक्या औषधांत आतडी चालवायचं इंजेक्शन नाही का?

सुईदोरा | रविवार, रात्री १०:३०

नाना, ताज्या जोडाच्या पेशंटला एनिमा द्यायचा की नाही हे ज्याने टाके घातले त्यानेच ठरवायचं. इंजेक्शनं आहेत. मेटोक्लोप्रमाइड दिलं जातं, मळमळ थोडी कमी होते, पण आतडी त्याने लवकर सुरू होत नाहीत. एरिथ्रोमायसिनचंही तेच. सूज आलेल्या स्नायूला बाहेरून चाबूक मारून उपयोग होत नाही, सूज उतरावी लागते. तोवर पाणी आणि क्षार सांभाळायचे, अफूची औषधं कमी करायची, नळी वाहती ठेवायची.

सूजच उतरवायला डायक्लोफेनॅक द्यावं की नाही यावर आम्हा सर्जनांत भांडण आहे. काहींना जोड गळण्याची भीती वाटते, काही बिनधास्त देतात. मी आतडं जोडलेल्याला देत नाही. माझ्याच बॅचचा एक जण देतो आणि त्याचे पेशंटही बरेच होतात.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ७:३०

सीटी झाला. गळती नाही, कुठे पू नाही. आतडी फुगलेली आहेत पण पीळ नाही. पाजलेलं औषध मोठ्या आतड्यापर्यंत पोचलंय असं रेडिओलॉजिस्टनी लिहिलंय. नळीतून आज फक्त २५०.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ८:००

औषध मोठ्या आतड्यात पोचलं म्हणजे वाट मोकळी आहे! आणि नळीचा आकडा उतरतोय. आज रात्री बेडपॅन जवळ ठेवा. त्या औषधाने पातळ होतं.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ६:१५

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. आई जागी होती, तिनेच ऐकलं. मला उठवून सांगितलं, शेजारच्या बेडच्या काकूंनाही सांगितलं. अर्ध्या तासाने पातळ संडास.

पेशवेपार्क | मंगळवार, सकाळी ७:००

आईंना सांगा, वॉर्डभर सांगत फिरायची परवानगी आहे. 😄

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी २:४०

काल नळी चार तास चिमटा लावून बंद ठेवली, मळमळ झाली नाही, संध्याकाळी काढली. आज सकाळी पाणी, दुपारी पेज. यावेळी आईने भरवली. पाच चमच्यांनंतर बाबांनी हात आडवा केला, डॉक्टर म्हणाले ते म्हणतील तिथे थांबा. क्लोरथॅलिडोन बंद करून बीपीचं दुसरं औषध देणार आहेत. गाठीचा रिपोर्ट यायचाय.

आजोळ | बुधवार, दुपारी ३:१०

काल चालवलं होतं का?

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी ३:१२

हो काका. चार फेऱ्या.

आजोळ | बुधवार, दुपारी ३:१३

मग!